‘पीस ऑफ केक’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘डाव्या हातचा मळ’ नव्हे

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. ‘पीस ऑफ केक’ आणि ‘ईझी ॲज पाय’ यांच्यासमोर मी जोड्या लावा या प्रश्नात ‘डाव्या हातचा मळ’ असे लिहून देते, पण मुलांनी तो वाक्यात वापरला की वाक्य कानाला खटकते. माझी जोडी चुकली आहे का? आणि सोपेपणासाठी खाण्याच्या पदार्थावरून आलेली एखादी मराठी म्हण आहे का?

उत्तर : आपली जोडी चुकलेली नाही, ती अपुरी आहे, आणि वाक्य खटकते ते नेमके त्या अपुरेपणामुळे. लातूरला अनुवादाचे काम करताना आणि शिक्षकांचे वर्ग घेताना मला हाच खटका इतक्यांदा लागला आहे, की आता ‘पीस ऑफ केक’ दिसले की मी आधी मराठी शब्द शोधत नाही. बोलणारा कोण आहे, तो कोणाच्या कामाविषयी बोलतो आहे आणि काम व्हायचे आहे की झाले आहे, एवढे आधी पाहतो.

प्रथम इंग्रजी बाजू पाहू. ‘पीस ऑफ केक’ हा प्रयोग वाटतो तितका जुना नाही. अमेरिकन कवी ऑग्डेन नॅश यांच्या 1936 च्या लेखनात तो आढळतो आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलातील वैमानिकांच्या तोंडी तो रुळला. ‘ईझी ॲज पाय’ हा त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन प्रयोग आहे. ‘पाय’ म्हणजे पिठाच्या पारीत फळांचे किंवा मांसाचे सारण भरून भाजलेला पदार्थ. वर्गात हा शब्द देवनागरीत लिहिला की निम्मी मुले स्वतःच्या पायांकडे पाहतात, म्हणून तो पदार्थ आधी चित्र काढून दाखवावा हे बरे. पदार्थ कळला की एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारते, की सर, हे करायला तर अवघड दिसते, मग सोपे कसे? तिची शंका रास्त आहे. उत्तर असे, की त्या काळी ‘पाय खाण्याइतके सोपे’ असाही पूर्ण प्रयोग होता. पुढे त्यातले ‘खाणे’ गळून पडले. केकचेही तसेच आहे. दोन्हींमधील सोपेपणा करण्याचा नाही, खाण्याचा आहे. पदार्थ कोणीतरी करून ठेवला आहे आणि आपण तो फक्त तोंडात टाकायचा आहे.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. मराठीत खाण्याच्या पदार्थांवरून आलेले वाक्प्रचार भरपूर आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांत पदार्थ हा कष्टाचा, वाट्याचा किंवा लाभाचा असतो. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ यात भाकरी म्हणजे दुसऱ्यासाठी उपसलेले, मोबदला नसलेले कष्ट आहेत; ज्यांच्या घरी रोज पहाटे ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’ यात स्वार्थ आहे. ‘पाचही बोटे तुपात असणे’ यात चैन आणि भरभराट आहे. ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे’ हा तर विद्यार्थ्यांचा आवडता सापळा आहे, कारण ‘आयते’ हा शब्द दिसला की त्यांना ते सोपेपणाचे वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मेहनतीवर मिरवणाऱ्याला मारलेला तो टोमणा आहे. एका उत्तरपत्रिकेत ‘गणिताचा पेपर म्हणजे आयत्या पिठावरच्या रेघोट्या होत्या’ असे वाक्य मी वाचले आहे. त्या बिचाऱ्याने पेपर सोपा होता असे सांगितले खरे, पण वाचणाऱ्याला तो कॉपी करून सोडवल्याची कबुली देतो आहे असे वाटले.

मग खाण्याचा आणि सोपेपणाचा संबंध मराठीत मुळीच येत नाही का? येतो, पण उलट्या बाजूने. ‘संसार करणे म्हणजे खायचे काम नाही’ असे आपण सहज म्हणतो. याचा अर्थ खाणे हे सोपे काम आहे हे मराठीलाही मान्य आहे. मात्र ते मान्य करून ती लगेच सांगते, की समोरचे काम तसे नाही. म्हणून इंग्रजीत ‘नो पीस ऑफ केक’ असा नकार आला, तर ‘खायचे काम नाही’ ही जोडी इतकी चपखल बसते, की पदार्थसुद्धा जवळजवळ जागेवर राहतो. त्याउलट होकारी वाक्यात ‘हे तर खायचे काम आहे’ असे कोणी म्हणत नाही. प्रश्नार्थक मात्र चालते. ‘हे काय खायचे काम आहे?’ हाही नकारच होय. कठीण कामासाठी तर मराठीने पदार्थ सढळ हाताने वापरले आहेत. ‘लोखंडाचे चणे खाणे’ आणि तुकोबांच्या अभंगातील ‘सुळावरील पोळी’ ही दोन उदाहरणे वर्गात सांगितली, की केक आणि चणे समोरासमोर ठेवल्यासारखे होते आणि मुलांच्या ते लक्षात राहते.

आता ‘डाव्या हातचा मळ’ याकडे वळू. एक बारीकशी दुरुस्ती आधी करतो: ही म्हण नाही, वाक्प्रचार आहे, आणि इंग्रजीतील दोन्ही प्रयोगही म्हणी नाहीत, प्रश्नपत्रिकेत शीर्षक देताना एवढे सांभाळावे. यातील चित्र असे आहे, की हाताला लागलेला मळ नुसत्या चोळण्याने निघतो, आणि इथे तर तो डाव्या, म्हणजे कमी राबणाऱ्या हाताचा आहे. त्याच्यासाठी कोण कष्ट घेणार? परंतु या चित्रात एक गोष्ट केकमध्ये नसलेली आहे. हात कोणाचा तरी असतो. ‘हे काम त्याच्या डाव्या हातचा मळ आहे’ असे म्हटले, की काम सोपे आहे असे आपण सांगत नाही. तो माणूस त्या कामात तरबेज आहे असे सांगतो. विहिरीतली मोटार वर काढून गुंडाळी बदलणे हा कसबी मेकॅनिकच्या डाव्या हातचा मळ असतो, पण म्हणून ते काम तुम्हाआम्हाला सोपे होत नाही. केकचा तुकडा मात्र कोणीही खावा. त्याला कसब लागत नाही.

यामुळे तीन ठिकाणी गडबड होते. स्वतःविषयी वापरला तर तो बढाईकडे झुकतो. नवशिक्याविषयी वापरला तर खोटा वाटतो. आणि हात कोणाचा हे न सांगता नुसताच वापरला, म्हणजे ‘पेपर डाव्या हातचा मळ होता’ असे लिहिले, तर वाक्य अर्धवट लोंबकळते. आपल्या विद्यार्थ्यांच्या वाक्यातील खटका बहुधा हा तिसरा असावा. ‘माझ्या’, ‘तिच्या’, ‘त्या गवंड्याच्या’ असे काहीतरी त्याच्याआधी यावेच लागते.

आपल्या भागात एक आणखी अडचण आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि उर्दू-दखनी अजूनही बाजारात, बसस्थानकावर, शेजाऱ्याच्या ओट्यावर कानी पडते, त्यामुळे ‘बाएँ हाथ का खेल’ आणि ‘पैसा हाथ का मैल’ ही दोन्ही वाक्ये मुलांच्या डोक्यात आधीच असतात. पहिल्याचा अर्थ सोपे काम असा आहे. दुसऱ्याचा अर्थ पैसा ही तुच्छ, येणारी-जाणारी वस्तू आहे असा आहे, आणि मराठीतही ‘पैसा म्हणजे हातचा मळ’ असे म्हणतात. ‘डाव्या हातचा मळ’ आणि ‘पैसा म्हणजे हातचा मळ’ या दोन्हींत मळ एकच, पण एका ठिकाणी तो सहजपणे निघतो म्हणून आला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची किंमत नाही म्हणून. ‘पैसा कमावणे हा त्याच्या हातचा मळ आहे’ आणि ‘पैसा हा त्याच्या दृष्टीने हातचा मळ आहे’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. पहिल्यातला माणूस कमावण्यात हुशार आहे, तर दुसऱ्यातला पैशाला मोजत नाही.

हे सगळे प्रत्यक्षात कसे उलगडते ते एका कामावरून सांगतो. ठिबक सिंचनाच्या जाळीच्या फिल्टरची सफाई कशी करावी, याविषयीच्या एका इंग्रजी चित्रफितीचे मराठी संवाद मला तपासायला मिळाले होते. चित्रफीत साधी होती. एक अनुभवी तंत्रज्ञ एका तरुण शेतकऱ्याला पंप बंद करायला, नळीतील दाब उतरू द्यायला, झाकण उघडून आतली जाळी काढायला, ती मऊ ब्रशने स्वच्छ पाण्यात धुवायला आणि झाकणाची रबरी रिंग खाचेत नीट बसवून पुन्हा बंद करायला शिकवतो. एवढ्याशा प्रसंगात ‘पीस ऑफ केक’ पाच वेळा येत होते, आणि पहिल्या अनुवादकाने पाचही ठिकाणी ‘डाव्या हातचा मळ’ लिहून मोकळे होणे पसंत केले होते.

सुरुवातीलाच तंत्रज्ञ त्या तरुणाला धीर देतो, की घाबरू नकोस, हे ‘पीस ऑफ केक’ आहे. कच्चा मराठी मसुदा औसा तालुक्यातील चार-पाच शेतकऱ्यांना वाचून दाखवला, तेव्हा याच वाक्यावर एक वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, ‘तुमच्या डाव्या हातचा मळ आसंल सायेब, आमच्या नाही.’ त्यांनी एका वाक्यात सगळे दुखणे सांगितले. धीर देणाऱ्याने आपले कसब मिरवले की धीर मिळत नाही, ऐकणारा आणखी बिचकतो. तिथे आम्ही ‘काही अवघड नाही, तुम्हाला सहज जमेल’ असे केले. आपल्या बोलीत ऐकवायचे असते तर ‘त्यात काय हाय, निस्तं झाकण काढायचं अन् जाळी धुवायची’ असे झाले असते. यात एकही वाक्प्रचार नाही आणि तरीही अनुवाद पूर्ण आहे. मराठीत धीर देताना आपण बहुधा अवघडपणाला नकार देतो, सोपेपणाची घोषणा करत नाही; विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावे, कारण मूळ वाक्यात वाक्प्रचार आहे म्हणून मराठीतही हवाच, हा समज त्यांच्या डोक्यातून लवकर जात नाही.

दुसऱ्या ठिकाणी तो तरुण विचारतो, की मोठ्या शेतातला वाळूचा फिल्टरही तुम्हीच दुरुस्त करता का, आणि तंत्रज्ञ म्हणतो, माझ्यासाठी ते ‘पीस ऑफ केक’ आहे. इथे मात्र ‘तो तर माझ्या डाव्या हातचा मळ आहे’ हे तंतोतंत बसते. बोलणारा कसबी आहे, तो स्वतःविषयी बोलतो आहे आणि थोडी ऐट मूळ वाक्यातही आहे. पाचांपैकी ही एकच जागा आम्ही तशीच ठेवली.

तिसऱ्या ठिकाणी जाळी धुऊन झाल्यावर तरुण स्वतःच उद्गारतो, अरे, हे तर ‘पीस ऑफ केक’ निघाले! काम झालेले आहे आणि सूर आश्चर्याचा आहे. मराठी माणूस अशा वेळी ‘हे तर काहीच नव्हतं!’ किंवा ‘बोलता बोलता झालं की!’ असे म्हणतो. एका सहकाऱ्याने ‘चुटकीसरशी’ सुचवले होते, पण ते मला पटले नाही. ‘चुटकीसरशी’ आणि ‘हां हां म्हणता’ हे शब्द वेळ मोजतात, कष्ट मोजत नाहीत. गाळ धरलेली जाळी घासायला वेळ लागतो, आणि पडद्यावर तो माणूस बराच वेळ ब्रश फिरवताना दिसत होता. तुरीच्या शेंगा सोलणे सोपे असते, परंतु टोपलीभर शेंगा कोणी चुटकीसरशी सोलत नाही. उलट लग्नाचा निर्णय काही जण चुटकीसरशी घेतात, म्हणून तो सोपा असतो असे नाही.

चौथी जागा मला सगळ्यात आवडली. तरुण घाईत रबरी रिंग खाचेत न बसवता झाकण लावतो, पंप सुरू करतो आणि झाकणाच्या कडेतून पाण्याची फवार थेट त्याच्या तोंडावर येते. तो ओल्या चेहऱ्याने, दात-ओठ खात, तंत्रज्ञाचेच शब्द परत म्हणतो, ‘पीस ऑफ केक’. इंग्रजीत ही टर फक्त आवाजातून कळते. मराठीकडे त्यासाठी ‘म्हणे’ हा एकच शब्द पुरेसा आहे: ‘म्हणे, काही अवघड नाही!’ अट इतकीच, की सुरुवातीला धीर देताना जे शब्द वापरले असतील तेच इथे परत यायला हवेत, नाहीतर टोमणा कोणाला मारला हे प्रेक्षकाला कळत नाही. म्हणजे पहिल्या जागेचा निर्णय चौथ्या जागेशी बांधलेला असतो, आणि तो घेण्याआधी संहिता शेवटपर्यंत वाचावी लागते. पहिल्या अनुवादकाने एकच शब्द सगळीकडे ठेवला होता, त्यामुळे गंमत अशी, की ही चौथी जागा त्याच्याकडून आपोआप जुळली होती आणि पहिली मात्र बिघडली होती.

पाचव्या ठिकाणी तंत्रज्ञ शेवटी गंभीर होऊन सांगतो, की पाणी विकत घेऊन बाग जगवणे हे ‘नो पीस ऑफ केक’. तिथे अर्थात ‘खायचे काम नाही’ आले. वाचन ऐकणाऱ्यांपैकी एक तरुण लगेच म्हणाला, ‘खरंय, टँकरचं पाणी घालून मोसंबी जगवणं काय खायचं काम हाय का.’ त्याने आमचेच वाक्य अधिक चांगले करून दिले, आणि आम्ही ते जवळपास तसेच घेतले.

‘ईझी ॲज पाय’चे पाच प्रसंग करत बसत नाही, कारण अर्थाने ते केकच्या फार जवळ आहे, फरक आहे तो घडणीचा. त्यात ‘ॲज’ आहे, म्हणजे ती उपमा आहे, आणि म्हणून मुलांना मराठीतही उपमाच हवीशी वाटते. मग ‘पोळीइतके सोपे’ यासारखे काहीतरी तयार होते आणि ते फसते, कारण पोळी म्हटले की मराठी मनाला आधी पोळपाट आठवतो, ताट नंतर. ‘अगदी सोप्यात सोपे’ किंवा ‘हसतखेळत होण्यासारखे’ एवढे म्हटले तरी चालते. उपमा गेली तरी अर्थ जात नाही.

इंग्रजी ‘चाइल्ड्स प्ले’ची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती आपल्या यादीत बहुधा पुढे येणारच, म्हणून इथेच सांगतो. त्याच्यासमोर ‘पोरखेळ’ लिहिण्याचा मोह होतो, शब्दशः तो बरोबरही आहे. नकारात तो उत्तम चालतो. ‘सरपंचपद सांभाळणे हा पोरखेळ नव्हे’ या वाक्यात कसलीही खोट नाही. इंग्रजीतही हा प्रयोग चौदाव्या शतकात, चॉसरच्या काव्यात, नकारातच येतो आणि तिथे विषय लग्नाचा आहे. पण होकारात मराठी ‘पोरखेळ’ दिशा बदलतो. ‘तुम्ही या योजनेचा पोरखेळ केला आहे’ असे म्हटले तर योजना सोपी झाली असा अर्थ निघत नाही. तिचे गांभीर्य घालवले, असा आरोप होतो. ‘तिच्यासाठी ते गणित म्हणजे चाइल्ड्स प्ले होते’ याचे मराठी ‘ते गणित तिच्या डाव्या हातचा मळ होते’ असे करता येईल, कारण इथे कसब असलेली व्यक्ती वाक्यातच आहे. ‘पोरखेळ’ मात्र इथे टाकू नये.

‘तळहातावरचा आवळा’ हाही पुष्कळदा या यादीत घुसतो. तो स्पष्टपणे दिसणाऱ्या, पूर्ण आकलन झालेल्या गोष्टीसाठी आहे. एखादा विषय तळहातावरच्या आवळ्यासारखा कळला, तरी त्यातील काम सोपे असेलच असे नाही.

आता आपल्या जोड्या लावा या प्रश्नाविषयी. नुसते शब्द समोरासमोर ठेवण्याऐवजी डावीकडे पूर्ण इंग्रजी वाक्य द्या आणि उजवीकडे पूर्ण मराठी वाक्य. आईने मुलीला म्हटलेले, मुलीने काम झाल्यावर म्हटलेले, तिने स्वतःच्या कसबाविषयी म्हटलेले आणि नकाराचे, अशी चार वाक्ये एका ‘पीस ऑफ केक’वर सहज होतात. उजवीकडच्या चारपैकी एकाच वाक्यात ‘डाव्या हातचा मळ’ असू द्या आणि त्याआधी ‘माझ्या’ हा शब्द लिहायला विसरू नका. उत्तरे तपासताना मुलाने चुकीची जोडी लावली, तर ते वाक्य त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, की हे वाक्य तुझी आई खरोखर म्हणेल का. माझ्या वर्गात बहुतेक वेळा या प्रश्नावर मुले स्वतःच हसून जोडी बदलतात, आणि एखाद्याने ‘म्हणेल की, माझी आई म्हणतेच’ असे ठासून सांगितले तर त्याचे उत्तर बरोबर धरावे. काही घरांत आया खरोखरच कसबी असतात.